समरीतलं 'करेल': करावंच लागेल की करता येईल?

"ऑफिसात व्हेंडरच्या कॉन्ट्रॅक्टची मराठीत समरी करून बाकीच्यांना पाठवायचं काम माझ्याकडे आलंय. 'शॅल' आणि 'मे' दोन्हीला मी 'करेल' लिहिलं तर सीनियरने लाल करून परत पाठवलं. एवढा फरक पडतो का?"

पडतो, आणि घोळ 'करेल' याच रूपात आहे. कायद्याच्या मराठीत ईल-प्रत्यय 'शॅल'साठीच चालतो, राज्यघटनेच्या मराठी पाठात भारत हा 'राज्यांचा संघ असेल' असं आहे ते इंग्रजी 'शॅल बी'च आहे, आणि 'मे'ला तिथे 'करता येईल' असतं. पण हे कायदा वाचणाऱ्यांच्या कानाला सवयीचं. ऑफिसच्या मेलमध्ये कोणी "व्हेंडर एसी दुरुस्त करेल" वाचलं की त्याला ते "करेल हो, बघू" असंच ऐकू येतं, म्हणजे अंदाज. म्हणून समरीत मी 'करेल' वापरतच नाही. बंधन असेल तर 'करावंच लागेल', मुभा असेल तर 'करता येईल', मनाई असेल तर 'करता येणार नाही'. 'करणार नाही' लिहू नका, ते रुसून बसल्यासारखं वाटतं :)

आमच्याकडे एसीच्या एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचं, झालं ते सांगते. कलम असं होतं की तक्रार 48 तासांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये कंपनी बिलातून कापू शकते ('मे डिडक्ट'), पण त्या तिमाहीच्या बिलाच्या 10 टक्क्यांपर्यंतच. नव्या मुलाने समरीत लिहिलं, "उशीर झाला तर कंपनी रोज 500 कापेल." अकाउंट्सने ते हुकूम समजून 12 दिवसांचे 6,000 कापले. बिल होतं 40,000 चं, म्हणजे मर्यादा 4,000, आठव्या दिवशीच संपली. शिवाय उशीर आमच्यामुळेच झाला होता, टेरेसची चावी सिक्युरिटीकडे आणि सिक्युरिटीवाला सुट्टीवर, त्यामुळे अ‍ॅडमिनला कापायचेच नव्हते. 'मे'मध्ये तो निर्णय त्यांचा होता, 'कापेल'ने काढून घेतला. आणि 'पर्यंतच' हा एक शब्द गाळल्याने 2,000 परत करावे लागले ते वेगळंच. वाक्य असं हवं होतं: "48 तासांनंतर प्रत्येक दिवसाला 500 रुपये कापता येतील, कापायचे की नाही ते अ‍ॅडमिन ठरवेल, तिमाही बिलाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नाही."

(इथे 'ठरवेल' मीच लिहिलं बघा, पण कर्ता समोर आहे म्हणून चालतं.)

कर्त्यावरून आठवलं, मराठीत 'लागेल' आलं की कर्ता गुपचूप गळून पडतो. "60 दिवस आधी नोटीस द्यावी लागेल." कोणी? आणि न दिली तर? त्याच एएमसीत करार 31 मार्चला संपतो असं होतं आणि पुढच्याच ओळीत, दोघांपैकी कोणी किमान 60 दिवस आधी लेखी नोटीस दिली नाही तर तो आपोआप एक वर्ष वाढतो. समरीत आलं, "31 मार्चला संपतो, बंद करायला 60 दिवसांची नोटीस." वाचणाऱ्याला वाटलं की मधेच बंद करायचा असेल तरच नोटीस, नाहीतर मार्चअखेर आपोआप सुटलो. प्रत्यक्षात उलटं, गप्प बसलं की अडकलो. 'अनलेस' दिसलं की त्याचं मराठी वाक्य आधी उलटं करून बघा, "काहीच केलं नाही तर काय होईल?", आणि तेच समरीत पहिलं लिहा.

आणि 60 दिवस म्हणून सोडू नका, तारीख काढून द्या. 31 मार्चपासून मागे मोजलं तर 30 जानेवारी येते (लीप वर्षात 31). पण 'किमान' शब्दामुळे दोन्ही टोकांचे दिवस सोडून मोजायचे असा वाद निघू शकतो, म्हणून एक दिवस आणखी आधी. शिवाय नोटिसांचं कलम शेवटी कुठेतरी लपलेलं असतं, आमच्यात कुरियरने पाठवलेली नोटीस तीन दिवसांनी मिळाली असं धरायचं होतं आणि ईमेल चालत नव्हता. म्हणजे 26 जानेवारी, ती सुट्टी, त्याच्या आधी शनिवार-रविवार आले तर अजून मागे. मी समरीत लिहिलं: "नको असेल तर अ‍ॅडमिनने 20 जानेवारीपर्यंत कुरियरने नोटीस पाठवायची, नाहीतर करार एक वर्ष वाढेल. कलम 11.2 आणि 17." कलमाचा नंबर प्रत्येक ओळीला द्याच, म्हणजे शंका आली की समोरचा मूळ वाचतो, तुमचं मराठी नाही.

'सब्जेक्ट टू'ला मात्र माझ्याकडे अजून बरा शब्द नाही. 'अधीन राहून' लिहिलं की अकाउंट्सवाले फोन करतात, म्हणून सध्या "पण कलम अमुक आधी बघा" असं लिहिते, कोणाला याहून चांगलं सुचत असेल तर सांगा.