मंगळवारची दोन तासांची शाळा

प्रिय पोरी,

सलूनमधल्या मुलींच्या ट्रेनिंगला बाहेरचा ट्रेनर आणू का, असं विचारलंस. वर्षातून एकदा आण हवं तर. पण महिन्याचं ट्रेनिंग तुझं तूच घे. पहिल्या मंगळवारी, सलून उघडायच्या आधी, फक्त दोन तास. आणि विषय एकच, गेल्या महिन्यात जे बिघडलं तेच.

माझ्याकडचं सांगते. एका बाईंना हायलाइट्स करायचे होते. माझ्याकडे कामाला असलेल्या मुलीनं विचारलं, "केसांना आधी कलर केलाय?" त्या म्हणाल्या, "नाही." ब्लीच लावलं, फॉइल हाताला गरम लागायला लागला आणि धुताना केस तुटून हातात आले. बाई खोटं बोलल्या नव्हत्या. त्या दर महिन्याला पाकिटातली काळी मेंदी लावायच्या, आणि मेंदीला कोण कलर म्हणतं? काही पाकिटांत धातूचे क्षार असतात, ते ब्लीचमध्ये मिसळलेल्या डेव्हलपरशी भिडले की केस तापतो.

त्या महिन्यात मी मुलींना जोडीनं बसवलं. एक गिऱ्हाईक, एक स्टायलिस्ट. "मेंदी लावता? पाकिटातली की घरी पाला वाटून? शेवटची कधी?" असं नावानिशी विचारायचं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे खांद्याखाली आलेल्या टोकांसाठी दोन-तीन वर्षांचा इतिहास काढावा लागतो.

मग प्रत्येकीनं त्या क्षारांची टेस्ट करून पाहिली. मागून थोडे केस कापून काचेच्या वाटीत ३० मिली पातळ २० व्हॉल्यूम डेव्हलपर आणि अमोनियाचे २० थेंब, अर्धा तास. वाटी तापली, बुडबुडे आले, रंग झपकन बदलला, उग्र वास सुटला, तर ब्लीच नाही म्हणजे नाही. काहीच झालं नाही म्हणून निर्धास्त मात्र राहू नकोस. शुद्ध मेंदी या वाटीत गप्प बसते आणि नंतर केशरी छटा दाखवते. अंगावर रिअॅक्शन येईल का, हेही वाटी सांगत नाही. त्यासाठी कानामागे ४८ तास आधी पॅच टेस्ट वेगळी.

स्वच्छतेला मी वीसच मिनिटं देते. तेवढ्यात प्रत्येकीनं एक कंगवा साबणानं धुऊन दाखवायचा. केस अडकलेला कंगवा जंतुनाशकात बुडवणं म्हणजे त्या बरणीचीच घाण करणं. यूव्हीच्या पेटीवरही विसंबू नकोस, उजेड जिथे पडतो तिथेच तिचं काम.

शेवटी वजनकाटा काढ. तिघींना सांग, अंदाजानं ४० ग्रॅम ट्यूबमधला कलर आणि ६० ग्रॅम डेव्हलपर काढा. मग तिन्ही वाट्या काट्यावर ठेव. माझ्याकडे एकीचा डेव्हलपर ८५ भरला होता, आणि तिच्याच गिऱ्हाइकांचे पांढरे नीट झाकले जात नव्हते. मी तिला काही बोलले नाही, आकडाच दाखवला. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकाच्या कार्डावर शेडसोबत ग्रॅमही लिहिले जाऊ लागले.

पहिल्या खेपेला कुठली तक्रार घेतेस, ते कळव.

तुझी,
ताई