एनसी टाकली तरी फिरती मोटर उलटतेच

प्रश्न: आमच्या लेथच्या फॉरवर्ड-रिव्हर्स स्टार्टरमध्ये दोन्ही कॉन्टॅक्टरच्या एनसी एकमेकांच्या कॉइलमध्ये टाकल्या आहेत. एवढं पुरेसं आहे का? चालत्या मोटरवर चुकून रिव्हर्स बटण दाबलं गेलं तर?

नाही, पुरेसं नाही. एकाच वेळी दोन्ही कॉन्टॅक्टर ओढले जाऊ नयेत, एवढंच काम त्या एनसी करतात. रिव्हर्सचा कॉन्टॅक्टर दोन फेजांची अदलाबदल करतो, त्यामुळे फॉरवर्ड आत असताना तोही आत गेला तर त्या दोन फेज थेट एकमेकींना भिडतात. ते टाळायलाच हवं. पण फॉरवर्ड सुटला की त्याची एनसी लगेच जुळते आणि रिव्हर्सला वाट मोकळी होते. चक तोपर्यंत गरगरतच असतो, आणि ते त्या एनसीला कळत नाही.

मी इथे बडोद्यात पॅनेल वायरिंगची कामं करतो. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधून दोन वर्षांपूर्वी बोलावणं आलं होतं. तीन एचपीची लेथ, तिचा जुना ड्रम स्विच काढून कोणीतरी दोन कॉन्टॅक्टर बसवलेले. एनसी बरोबर टाकलेल्या. बटणं मात्र डबल कॉन्टॅक्टची, म्हणजे रिव्हर्स दाबलं की तेच बटण आधी फॉरवर्डची कॉइल तोडतं आणि मग रिव्हर्सची जोडतं. मध्ये स्टॉप दाबायची गरजच नाही. काम पटापट होतं म्हणून कारागिराला ते आवडलंही होतं. एक दिवस जोरात फिरत्या स्पिंडलवर त्यांचा अंगठा रिव्हर्सवर पडला. त्या लेथचा चक आट्यांवर बसणारा होता. मोटर उलट ओढायला लागली, चक आपल्याच वजनाने पुढे फिरत राहिला आणि आट्यांवरून सुटायला लागला. मी पोचलो तेव्हा तो अडीच आटे बाहेर आलेला होता आणि जॉबचा ओरखडा बेडवर उमटला होता. कारागीर मागे सरकले म्हणून बचावले. "काका, हात कुठे होता?" विचारलं, तर म्हणाले, "टूल पोस्टवर." अजून चार आटे सुटले असते तर काय झालं असतं, हा विचार मला अजूनही सोडत नाही.

आता मोटरच्या आत काय होतं ते बघा. तीन एचपीची मोटर पूर्ण लोडवर साधारण ५ अँपिअर घेते आणि उभी असताना सुरू केली की क्षणभर त्याच्या सहा पट, म्हणजे ३० च्या आसपास. फिरती मोटर उलटली की स्टेटरचं फील्ड एका दिशेला आणि रोटर दुसऱ्या दिशेला धावतो, त्यामुळे करंट त्या ३० च्याही वर जातो. रोटरमध्ये साठलेली फिरण्याची ताकद आधी मारायची आणि मग पुन्हा उलट्या दिशेने वेग द्यायचा, यात रोटरमध्ये साध्या स्टार्टच्या जवळपास चौपट उष्णता तयार होते. लागोपाठ असं केलं तर ओव्हरलोड ट्रिप व्हायच्या आधीही मोटरचा वास येऊ शकतो.

याचा तुमच्या एनसीशीही थेट संबंध आहे. नेहमीच्या एसी-३ कामात कॉन्टॅक्टर सुरुवातीचा मोठा करंट जोडतो, पण तोडतो तो चालू मोटरचा, ५ अँपिअरचा. उलटसुलट करताना मात्र त्याला तो मोठा करंटच तोडावा लागू शकतो. त्या कामाला एसी-४ म्हणतात आणि त्यात तोच कॉन्टॅक्टर फार कमी दिवस टिकतो. त्या लेथचा फॉरवर्ड कॉन्टॅक्टर उघडला तेव्हा टिपांवर चांदीचे मणी जमलेले होते. त्यातली एखादी टीप चिकटली की कॉइलची सप्लाय गेली तरी कॉन्टॅक्टर आतच राहतो. तेव्हा शॉर्ट व्हायचा की नाही, हे त्या एनसीवर ठरतं. मेन कॉन्टॅक्ट चिकटलेला असताना ती जुळता कामा नये. म्हणून एनसी अशीच घ्या जिच्याबद्दल कॅटलॉगमध्ये "मिरर कॉन्टॅक्ट" असं लिहिलेलं असेल. शिवाय दोन कॉन्टॅक्टरच्या मधे मेकॅनिकल इंटरलॉकही बसवा. एनसीची वायर कोणी चुकून शॉर्ट केली किंवा हाताने कॉन्टॅक्टर दाबला, तर तोच अडवतो.

फिरत्या मोटरसाठी मी तिथे एक ऑन-डिले टायमर टाकला. त्याची कॉइल दोन्ही कॉन्टॅक्टरच्या आणखी एकेका एनसीतून सिरीजमध्ये नेली. म्हणजे दोन्ही कॉन्टॅक्टर बाहेर असतील तेव्हाच तो मोजायला लागतो. त्याचा एनओ दोन्ही स्टार्ट बटणांच्या आधी, कॉमन वायरमध्ये टाकला. होल्डिंगची वायर मात्र त्या एनओच्या आधीच्या बाजूने घेतली, नाहीतर कॉन्टॅक्टर ओढला गेला की टायमर सुटेल आणि मोटरही बंद पडेल. डबल कॉन्टॅक्टची बटणं काढून साधी लावली. आता चालू मोटरवर रिव्हर्स दाबलं तर काहीच होत नाही. स्टॉप दाबायचा, ठरलेला वेळ जाऊ द्यायचा, मगच कुठलीही दिशा घेते. लाइट जाऊन आली तरी मोजणी शून्यापासून सुरू होते, आणि टायमरची कॉइल जळाली तर मोटर सुरूच होत नाही. ऑफ-डिले टायमर एकेका दिशेला लावूनही हे करता येतं, पण साध्या ऑफ-डिलेची सप्लाय मध्येच गेली की तो वेळ विसरतो, म्हणून मला ही पद्धत पटते.

वेळ अंदाजाने ठेवू नका. सर्वात जास्त स्पीडवर सर्वात जड चक लावून स्टॉप दाबा आणि घड्याळ लावून मोजा. त्या लेथवर ७ सेकंद आले, मी १० ठेवले.

इथे एक खरी अडचण येते. आटे पाडताना कारागिराला हळू स्पीडवर सारखं पुढे-मागे करावं लागतं, तेव्हा स्पिंडल सेकंदा-दीड सेकंदात थांबतो आणि १० सेकंद उभं राहणं नकोसं होतं. मग कोणीतरी टायमरला लूप मारून टाकतं. तुमच्याकडे आटे पाडायचं काम जास्त असेल तर टायमरच्या जागी स्पिंडलवर झीरो स्पीड स्विच लावा. तो शाफ्ट खरंच थांबला की कॉन्टॅक्ट देतो, त्यामुळे हळू कामात वाट बघावी लागत नाही आणि जोराच्या कामात फसगत होत नाही. लिफ्ट किंवा हॉइस्टसारख्या लोडला तर टायमर चालतच नाही, कारण तिथे ब्रेक धरला नाही तर लोड मोटरला फिरवत राहतो.

काम झाल्यावर तपासणी अशी करा. मेन बंद करून टेस्टरने खात्री करा. स्क्रू ड्रायव्हरने फॉरवर्डचा आर्मेचर आत दाबून धरा आणि रिव्हर्स दाबून बघा, तो आत जाताच कामा नये. फॉरवर्ड दाबलेला असतानाच मीटरने त्याची एनसी बघा, ओपन दिसली पाहिजे. उलट दिशेनेही हेच करा. मग मोटरच्या तीन वायर काढून सप्लाय द्या, फॉरवर्ड घेऊन स्टॉप दाबा आणि लगेच रिव्हर्स दाबून धरा. घड्याळात तुमचे सेकंद पुरे व्हायच्या आधी कॉन्टॅक्टरचा 'खट' ऐकू आला, तर टायमरचा एनओ चिकटलेला आहे किंवा वायर चुकीच्या टर्मिनलवर गेली आहे. ते सापडेपर्यंत मोटरच्या वायर जोडू नका.