ऑफर स्वीकारण्याआधी रिक्रूटरला विमा आणि सुट्ट्यांबद्दल नेमकं काय विचारावं?

"तोंडी ऑफर मिळाली आहे, लेटर दोन दिवसांत येईल म्हणतात. नवरा माझ्या सध्याच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात आहे आणि त्याचं हर्नियाचं ऑपरेशन दोन-तीन महिन्यांत करायचं आहे. विमा, सुट्ट्या वगैरे आत्ता विचारलं तर वाईट दिसेल का? काय विचारू?"

वाईट दिसत नाही, हे प्रश्न रिक्रूटरच्या रोजच्या कामातले आहेत. फक्त लेटर हातात आल्यावर आणि सही करण्याआधी विचारा. तोंडी ऑफरच्या वेळी त्याच्याकडे पक्कं सांगण्यासारखं फारसं नसतं, आणि सही झाली की तुम्हाला उत्तर द्यायची त्याला घाई उरत नाही.

खरी अडचण अशी की विम्याचे बारकावे बहुतेक रिक्रूटरना ठाऊक नसतात. "हो, फॅमिली कव्हर आहे" एवढं तो सांगेल. ते खरंही असेल, पण त्यावरून तुमचं ऑपरेशन बसतं की नाही हे कळत नाही. म्हणून त्याच्याकडे मत मागू नका, कागद मागा: विम्याच्या अटींचा सारांश आणि रजेचे नियम.

तुमच्या बाबतीत सगळ्यात आधी तारखा पाहा. जुनं कव्हर काही ठिकाणी शेवटच्या कामाच्या दिवशीच संपतं, काही ठिकाणी महिनाअखेरीस. नवं कव्हर कुठे रुजू झाल्या दिवसापासून, कुठे पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासून, तर कुठे प्रोबेशन संपल्यावर सुरू होतं. समजा जुन्या कंपनीतला शेवटचा दिवस आणि कव्हर दोन्ही 14 जूनला संपले आणि तुम्ही 17 जूनला रुजू झालात. नवं कव्हर 1 जुलैपासून असेल तर मधले 16 दिवस तुम्ही दोघंही विम्याविना. 90 दिवसांच्या प्रोबेशनची अट असेल तर ते 15 सप्टेंबरला सुरू होईल, म्हणजे ऑपरेशनचा सगळा काळ त्यातच गेला. हे आधी कळलं तर ऑपरेशन जुन्या कव्हरमध्येच उरकता येतं, किंवा रुजू होण्याची तारीख मागेपुढे करून घेता येते. जुन्या कव्हरमध्ये करायचं ठरलं तर नंतरच्या तपासण्यांसाठीही दिवस हाताशी ठेवा, कव्हर संपल्यावर त्यांचा खर्च बहुधा मिळत नाही.

दुसरी गोष्ट नवऱ्याची नोंदणी. तुमचं नाव आपोआप लागलं म्हणजे त्याचंही लागलं असं नाही. नोंदणीला ठरावीक मुदत असते, अनेकदा रुजू झाल्यापासून साधारण 30 दिवस. ती चुकली की पुढच्या वार्षिक नोंदणीपर्यंत थांबावं लागतं. शिवाय आधीपासूनच्या आजाराला वेटिंग पिरियड, म्हणजे त्याचा खर्च विम्यातून न मिळण्याचा सुरुवातीचा काळ, आहे का, हेही विचारा. तुमच्यासाठी हा प्रश्न निर्णायक आहे, कारण हर्नियाचं निदान आधीच झालेलं आहे. को-पेही विचारून घ्या: जोडीदाराच्या बिलावर 20 टक्के को-पे असेल तर मंजूर बिलाचा पाचवा हिस्सा तुमच्या खिशातून जातो.

प्रश्न ईमेलनेच पाठवा. आजाराचा उल्लेख करायची गरज नाही, प्रश्न सर्वसाधारणच ठेवा:

"ऑफरबद्दल आभार. निर्णय घेण्याआधी एवढं कळलं तर बरं होईल: आरोग्य विमा कोणत्या तारखेपासून लागू होतो? जोडीदाराची नोंदणी किती दिवसांत करावी लागते? आधीपासूनच्या आजारांना वेटिंग पिरियड आहे का, आणि को-पे किती? विम्याचा सारांश आणि रजेचे नियम पाठवाल का? हे एचआरमधल्या संबंधित व्यक्तीकडे पाठवलं तरी चालेल."

रजेत वर्षाच्या आकड्यापेक्षा ती कशी जमा होते हे महत्त्वाचं. वर्षाला 24 दिवस, पण दरमहा 2 या हिशोबाने मिळत असतील, तर रुजू झाल्यावर दोन महिन्यांनी खात्यात जेमतेम 4 दिवस असतात. प्रोबेशनमध्ये त्या वापरता येतात का, आजारपणाची रजा घरच्या माणसाच्या देखभालीसाठी चालते का, हे नियमांच्या कागदात शोधा. ऑपरेशनसाठी 5 दिवस लागणार असतील तर ते सहीआधीच मागून घ्या आणि "अमुक तारखांना मंजूर" असं लिहून घ्या. रुजू झाल्यावर तीच मागणी नव्या मॅनेजरकडे विनंती म्हणून करावी लागते.

"कंपनीच्या नियमांप्रमाणे मिळेल" असं उत्तर आलं, तर "तेच नियम पाहायला मिळतील का?" एवढंच परत विचारा. कागद दाखवता येत नाही म्हणाले, तर निदान कव्हरची तारीख आणि वेटिंग पिरियड ईमेलमध्ये लिहून मागा. त्या दोन ओळीही मिळाल्या नाहीत, तर नवं कव्हर नाहीच असं धरून ऑपरेशनची तारीख जुन्या कव्हरमध्ये बसवा आणि राजीनामा त्यानंतरच द्या.