कोळंबी खाल्ल्यावर ओठ सुजणं आणि दम लागणं: हे साधं पित्त नाही

प्रश्न: परवा रात्री कोळंबीचं कालवण खाऊन दहा-पंधरा मिनिटंही झाली नसतील, तोच माझ्या धाकट्या भावाचे (वय २४) ओठ सुजले, मग डोळ्यांभोवती सूज आली आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. सेट्रिझीन दिली, तासाभरात उतरलं. आई म्हणते पित्त उठलं होतं, विषय संपला. खरंच दवाखान्यात जायला हवं होतं का? परत झालं तर काय करायचं?

उत्तर:

हो, जायला हवं होतं, आणि तेही गोळीचा परिणाम बघत न बसता. तुम्ही जे वर्णन केलंय त्याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात, म्हणजे सगळ्या शरीराला एकदम धरणारी अ‍ॅलर्जी. तिच्यावर पहिलं औषध एकच आहे, मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन. बाकी सगळं त्यानंतर.

आई म्हणतात ते पित्त वेगळं. अंगावर गांधी उठल्या, खाज सुटली, पण श्वास, आवाज, शुद्ध सगळं ठीक आहे, पोटातही काही नाही, तर ती फक्त त्वचेची अ‍ॅलर्जी. तिथे सेट्रिझीन द्या, आमसुलाचं पाणी लावायचं तर लावा, फक्त माणसाला दोन-तीन तास एकटं सोडू नका. तुमच्या भावाच्या बाबतीत त्वचेसोबत छातीही धरली गेली होती, आणि फरक तिथेच पडतो. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते साधारण दोन तासांत त्वचा किंवा ओठ-चेहरा यांच्यासोबत श्वासाचा त्रास झाला, चक्कर येऊन माणूस पांढरा पडायला लागला, किंवा एकामागून एक उलट्या आणि पोटात जोराच्या कळा सुरू झाल्या, तर अ‍ॅनाफिलॅक्सिसच समजून चालायचं. आणि कोळंबीची अ‍ॅलर्जी आधीच माहीत असेल, तर एकही गांधी नसताना नुसता दम लागला किंवा घसा आवळला तरी तेच समजायचं. थोड्या पण नगण्य नसलेल्या रुग्णांमध्ये त्वचेवर काहीच दिसत नाही, आणि त्यांचंच निदान उशिरा होतं.

शिट्टीसारखा आवाज छातीतल्या बारीक श्वासनळ्या आवळल्यामुळे येतो आणि तो श्वास सोडताना जास्त ऐकू येतो. त्याहून घातक आवाज वरचा असतो. स्वर घोगरा होणं, सारखं खाकरावंसं वाटणं, थुंकी गिळता न येणं, श्वास आत घेताना घरघर होणं ही स्वरयंत्राशी सूज आल्याची खूण आहे. एक गोष्ट लक्षात ठेवा. मघाशी मोठ्याने येणारी शिट्टी थांबली, पण माणूस थकत चाललाय, बोलताना दोन शब्दांवर अडतोय, तर तो बरा होत नाहीये. छातीतून हवाच पुरेशी जात-येत नाही, म्हणून आवाज बंद झालाय.

मग सेट्रिझीनने उतरलं कसं? बहुधा तिने उतरलंच नाही. तोंडाने घेतलेली गोळी चांगला परिणाम दाखवायला अर्धा-एक तास घेते. ती खाज आणि गांधी कमी करते, पण आवळलेल्या श्वासनळ्या ती सोडवत नाही आणि पडलेला रक्तदाब उचलत नाही. तुमच्या भावाच्या शरीराने स्वतःचं अ‍ॅड्रेनालिन सोडलं आणि झटका परतवला, श्रेय गोळीला मिळालं. हे पुष्कळदा होतं, आणि म्हणूनच पुढच्या खेपेला लोक पुन्हा गोळी देऊन बसून राहतात. पण मागचा झटका सौम्य होता म्हणून पुढचाही सौम्य असेल, असा काही नियम नाही. त्या दिवशी ताप असला, जेवणासोबत दारू झाली, ब्रूफेनसारखी वेदनाशामक गोळी घेतलेली असली किंवा खाऊन लगेच पळापळ झाली, तर तेवढ्याच कोळंबीने जास्त मोठा झटका येऊ शकतो. हाताशी वेळही कमी असतो. ब्रिटनमध्ये अ‍ॅनाफिलॅक्सिसने दगावलेल्या लोकांची प्रकरणं तपासून २००० साली छापलेल्या एका अभ्यासात, अन्नामुळे आलेल्या झटक्यात श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यम काळ ३० मिनिटं निघाला होता. म्हणजे गोळी लागू पडायची वेळ आणि ही वेळ जवळपास एकच.

आता परत झालं तर. समजा रात्री साडेनऊला घास तोंडात गेला, नऊ चाळीसला ओठ जड झाले आणि नऊ पंचेचाळीसला दम लागला. त्या क्षणी १०८ ला फोन करा. पलीकडच्या माणसाला एवढंच सांगा: ‘जेवल्यावर अ‍ॅलर्जी, चेहरा सुजलाय, श्वासाला त्रास, शुद्धीवर आहे,’ आणि पत्ता. गाडी यायला वेळ लागणार असेल आणि दवाखाना जवळ असेल, तर रिक्षा किंवा कार काढा. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. आपल्याकडे हे सर्रास होतं आणि यात मोठा धोका आहे. या झटक्यात रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्त पायांत साचतं. पाय खाली लोंबते ठेवून माणूस ताठ बसला किंवा एकदम उठून उभा राहिला, तर हृदयाकडे परत येणारं रक्तच तुटतं आणि माणूस तिथल्या तिथे कोसळू शकतो. म्हणून चक्कर येत असेल तर आडवं झोपवून पाय उशीवर उंच करा. दम जास्त असेल तर पाठीला टेकू देऊन बसू द्या, पण पाय समोर पसरलेले हवेत. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवा. ‘जरा चालून ये, मोकळी हवा लागेल’ हा सल्ला कुणालाही देऊ देऊ नका. बोटं घालून उलटी काढायची नाही, पाणी किंवा दूध पाजायचं नाही. दम्याचा पंप घरात असेल तर चालेल, पण इंजेक्शनच्या जागी नव्हे.

कुठे न्यायचं, तर जिथे लवकरात लवकर अ‍ॅड्रेनालिन मिळेल तिथे. मोठंच हॉस्पिटल गाठायचं म्हणून जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र ओलांडून जाऊ नका. लसीकरण जिथे होतं तिथे अ‍ॅड्रेनालिनचा संच ठेवलेला असतो. कोविडच्या लशीनंतर अर्धा तास बसवून ठेवत होते ते मुख्यतः याच झटक्यावर नजर ठेवायला.

दवाखान्यात पोचल्यावर नातेवाइकांनी एक प्रश्न नक्की विचारावा: ‘अ‍ॅड्रेनालिन मांडीत दिलं का?’ छोट्या दवाखान्यांत अजूनही पुष्कळदा एव्हिल आणि डेक्सोनाची सुई देऊन पाठवणी होते. एव्हिल हे सेट्रिझीनचंच भावंड, आणि डेक्सोना म्हणजे स्टिरॉइड, ज्याचा परिणाम दिसायला काही तास लागतात. दोन्ही द्यायला हरकत नाही, पण त्यांच्यासाठी अ‍ॅड्रेनालिन अडवून ठेवायला नक्कीच हरकत आहे. डॉक्टर कचरतात ते बहुतेक हृदयाच्या भीतीने. पण ती भीती शिरेतून झपकन दिलेल्या डोसची आहे. स्नायूत दिलेला योग्य डोस तरण्या माणसाला काही मिनिटं धडधड, हाताला कंप आणि अस्वस्थपणा देतो, तो ओसरतो. डोसचा हिशोब सोपा आहे. आपल्याकडच्या अँप्युलमध्ये १ मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असतं आणि वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम लागतं. २० किलोच्या मुलाला ०.२ मिलिलिटर होतं, आणि मोठ्या माणसाला जास्तीत जास्त ०.५ मिलिलिटर, म्हणजे अर्धी अँप्युल. जागा म्हणजे मांडीचा बाहेरचा मधला भाग. पाच मिनिटांत फरक दिसला नाही तर दुसरा डोस देतात.

बरं वाटलं तरी लगेच घरी पळू नका. झटका ओसरून काही तासांनी, पुन्हा काही न खाता, परत येऊ शकतो. म्हणून साधारण सहा तास, त्रास मोठा असेल किंवा दोन डोस लागले असतील तर बारा तास किंवा जास्त, देखरेखीखाली ठेवतात. परवा रात्री तुमचा भाऊ घरीच झोपला, ते नशिबाने निभावलं.

घरी इंजेक्शन ठेवायचं का? माझ्या मते तुमच्या भावाच्या बाबतीत हो. पण ते अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांनी लिहून आणि हातात धरून शिकवल्यावरच. परदेशात मिळतात तशी पेनसारखी तयार इंजेक्शनं आपल्याकडे सहज मिळत नाहीत, त्यामुळे अँप्युल आणि सिरिंज हाच व्यवहार्य मार्ग. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे मधुमेहाची इन्सुलिन सिरिंज वापरणं. तिची सुई आखूड, औषध चामडीखालच्या चरबीतच राहतं आणि हळू शोषलं जातं. वर तिच्यावरचे आकडे युनिटचे, घाईत हमखास गोंधळ होतो. १ मिलिलिटरची साधी सिरिंज आणि इंचभर लांबीची सुई घ्या. अँप्युल फ्रिजमध्ये नको आणि उन्हात तापलेल्या गाडीतही नको. खोक्यासकट अंधारात ठेवा. औषध पाण्यासारखं स्वच्छ हवं, तपकिरी छटा आली की फेकून द्या. घरातल्या दोघांना तरी देता आलं पाहिजे, कारण ज्याला झटका येतो त्याचे हात त्या वेळी कामाचे नसतात.

दोन गोष्टी तपासून बघा, कारण अशाच दिसणाऱ्या आणखी दोन भानगडी आहेत. परवा कालवणासोबत बांगडा किंवा टुना होता का, आणि ताटावरच्या इतरांनाही चेहरा लाल होणं, डोकं दुखणं असं काही झालं का? बर्फावर नीट न ठेवलेल्या मासळीत हिस्टामिन तयार होतं, त्याने असं होतं. ती विषबाधा, अ‍ॅलर्जी नव्हे. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे ओठ कधी असे खाज आणि गांधी न येता सुजले, तर ते रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिलसारखी रक्तदाबाची गोळी घेतात का ते बघा.

चाचणीची घाई नको. झटक्यानंतर साधारण चार ते सहा आठवड्यांनी त्वचेवरची प्रिक टेस्ट केलेली बरी, आणि तिच्या आधी आठवडाभर सेट्रिझीन बंद ठेवावी लागते, तीही डॉक्टरांना विचारून. तोवर कोळंबी पूर्ण बंद, आणि तिच्यासोबत खेकडा, शेवंड, करंदी, जवळा, सोडे हेही. या सगळ्यांत ट्रोपोमायोसिन नावाचं जवळपास सारखंच प्रथिन असतं. ते शिजवून, तळून, वाळवून मोडत नाही, त्यामुळे ‘नीट शिजवली की काही होत नाही’ हे खरं नाही. जास्त संवेदनशील माणसाला तर कोळंबी उकळताना निघणाऱ्या वाफेनेही दम लागू शकतो. सुरमई-पापलेटमधलं अ‍ॅलर्जीचं प्रथिन वेगळं असतं, त्यामुळे मासे आपोआप बंद होत नाहीत. फक्त खानावळीत एकाच तेलात कोळंबी आणि बोंबील तळत असतील तर बोंबीलही नको, आणि ‘कोळंबी काढून नुसता रस्सा वाढा’ हे तर अजिबात नको.