मोठ्या हातांची माणसं

“मॅडम, मी एकटीच चित्रं काढते. स्टुडिओचं नाव घेऊ की माझंच ठेवू? आणि एकच स्टाइल धरली तर कामं कमी नाही का होणार?”

माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या बऱ्याच चित्रकारांची गाडी इथेच अडलेली असते. क्षितिजाने (नाव बदललंय) तर दोन वर्षांत तीन नावं घेतली होती: इन्स्टाग्रामवर एक, ईमेलला दुसरं, बिलावर तिसरं. बिल स्टुडिओच्या नावाने आणि पॅन, बचत खातं स्वतःच्या नावाने, त्यामुळे एका प्रकाशकाकडे तिचे पैसे दीड महिना अडकले.

“मग स्वतःचंच नाव का नको?”

“लग्नानंतर आडनाव बदललं तर?”

चित्राखाली आडनाव लागतंच कुठे? व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची सही नुसती ‘मारिओ’ होती. पण नुसत्या क्षितिजा पुष्कळ, म्हणून तिने पुढे आईचं नाव जोडलं. ते लग्नाने बदलत नाही. मग मी तिला ते मैत्रिणीला फोनवर सांगून टाइप करायला लावलं. मैत्रिणीने Kshitija लिहिलं. हिची हौशीची Xitija तिथेच सुटली. बिलावर मात्र पॅनवरचंच नाव.

पोर्टफोलिओत सव्वीस चित्रं होती. जलरंग, व्हेक्टर आयकॉन, शाईची रेघ, हुबेहूब चेहरे; कुठलंच काम हातचं जाऊ नये म्हणून. पुढच्या भेटीला ती सगळी पत्त्याएवढी, सही झाकून, काळी-पांढरी छापून आणायला सांगितली. टेबलावर पसरली.

“यातली एकाच हाताची कुठली?”

ती बराच वेळ बघत राहिली. मीही बोलले नाही. मग एकेक करून नऊ बाजूला काढली. सहा शाईची, तीन जलरंगांची.

“हात,” ती हळूच म्हणाली. “सगळ्यांचे हात मोठे आहेत. भाकरी थापणारी आजी, हा सायकलवाला... मी मुद्दाम नाही करत हो.”

मग तिलाच पुढचंही दिसलं: जाड, मध्येच तुटणारी रेघ आणि माणसाभोवती सोडलेला कोरा कागद. उत्तर समोरच्याकडेच असतं असं मानणाऱ्यांपैकी मी आहे. त्या दिवशी मी गप्प बसले याचं मला आजही समाधान वाटतं.

माध्यम म्हणजे शैली नव्हे, हे मला त्या टेबलावर नीट उमगलं. तिने जलरंग वापरावेत, शाई वापरावी, विषय हवे ते घ्यावेत; ती रेघ, ते हात आणि ती कोरी जागा सोडू नये. चार तऱ्हा पाहिल्यावर आपल्या पुस्तकाच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत यातलं नेमकं काय मिळणार, हे संपादकाला कळत नाही आणि तो पुढच्या चित्रकाराकडे वळतो.

ती नऊ आणि तीन नवी, अशी बारा चित्रं ठेवली. आयकॉनवर तिचं घरभाडं निघत होतं, म्हणून ते काम बंद केलं नाही. वेगळ्या पीडीएफमध्ये ठेवलं, मागेल त्याला पाठवायला. आयकॉनची विचारणा काही महिने खरंच रोडावली. जूनमध्ये एका बालमासिकातून फोन आला: “ते मोठ्या हातांचे आजी-आजोबा तुम्हीच काढता ना?”