९५ टक्के नेमके कशाचे?

लातूरकडच्या २५ शेतांतल्या सोयाबीनचा उतारा तू मोजलास. सरासरी एकरी ८.४ क्विंटल, प्रमाण विचलन २. म्हणजे प्रमाण त्रुटी ०.४, तिला २.०६ ने गुणलं की ९५ टक्के विश्वासांतर ७.६ ते ९.२. इथवर बरोबर. पण खाली लिहिलंस, "खरी सरासरी यात असण्याची शक्यता ९५ टक्के." भाऊ, ते वाक्य खोड.

तिकडच्या सगळ्या शेतांची खरी सरासरी ठरलेली आहे, आपल्याला माहीत नाही एवढंच. दर वेळी नवी २५ शेतं निवडलीस की हलतात ती अंतराची टोकं. ९५ टक्के हा पद्धतीचा गुण आहे, तुझ्या हातातल्या अंतराचा नाही. संख्याशास्त्रज्ञ जेर्झी नेमनने १९३७ मध्ये हेच मांडलं. आर या संगणकीय भाषेत चालवून बघ, खरी सरासरी ८ धरून:

```
mean(replicate(10000, {
  ci <- t.test(rnorm(25, 8, 2))$conf.int
  ci[1] < 8 & 8 < ci[2]
}))
```

उत्तर ०.९५ च्या आसपास येईल. पण त्या दहा हजारांतलं एकेक अंतर उघडलंस तर ८ त्यात आहे किंवा नाही, मधलं काही नाही.

आता समज, त्या शिवारात एवढ्या पावसावर सरासरी ७ च्या वर जात नाही, हे जुन्या नोंदींवरून पक्कं ठाऊक आहे. मग ७.६ ते ९.२ वर तू ९५ टक्के पैज लावशील? मी तर आधी वजनकाटा तपासेन. ती जुनी माहिती विश्वासांतराच्या सूत्रात कुठेच येत नाही. शक्यतेचंच वाक्य हवं असेल तर ती पूर्ववितरण म्हणून मांडून बेझियन अंतर काढावं लागतं.