एका प्रेझेंटेशनवर पाच हात

"आमच्या टीममधले पाच जण एकच प्रेझेंटेशन बदलतात. वर्डसारखं ट्रॅक चेंजेस पॉवरपॉइंटमध्ये सापडत नाही. कोणी काय बदललं ते कसं ओळखायचं?"

पॉवरपॉइंटमध्ये ते नाहीच. त्याच्या जवळचं साधन म्हणजे Review टॅबवरचं Compare. आपली फाइल उघडायची, Compare दाबून दुसऱ्याची फाइल निवडायची, की फरक बाजूच्या पट्टीत दिसतात. ज्या बदलावर टिक कराल तो स्वीकारला जातो. सगळं पाहून झाल्याशिवाय End Review दाबू नका: टिक न केलेले बदल तिथेच टाकून दिले जातात आणि ती कृती मागे घेता येत नाही. त्यामुळे Compare नेहमी फाइलच्या प्रतीवरच करा.

खरी अडचण दुसऱ्या माणसाची फाइल जोडताना येते. समजा, तुम्ही सगळ्यांना ही फाइल पाठवली:

```
Vikri_2025-03-10_v03.pptx
```

अक आणि रज यांनी आपापल्या प्रती परत पाठवल्या, `v03_AK` आणि `v03_RJ`. अकने सहावी स्लाइड नवी घातली. ती स्वीकारून तुम्ही `v04` बनवलं. आता `v04` ची तुलना `v03_RJ` शी केलीत, तर पट्टीत दिसेल की रजने सहावी स्लाइड काढून टाकली! त्याने तिला हातही लावलेला नाही, त्याच्या प्रतीत ती कधी नव्हतीच. Compare फक्त दोन फाइलींमधला फरक बघतं, दोन्ही कुठून निघाल्या हे त्याला माहीत नसतं. सगळ्यावर सरसकट टिक केली तर अकचं काम पुसलं जातं.

म्हणून आधी `v03` च्या वेगळ्या प्रतीवर `v03_RJ` तपासा आणि रजचे खरे बदल टिपून घ्या. मग `v04` मध्ये तेवढ्यांवरच टिक करा. नावात मूळ आवृत्तीचा आकडा ठेवायचा तो यासाठीच: प्रत कुठून निघाली ते कळतं. `final` असं नाव मात्र कधी देऊ नका, त्यावरून काहीच कळत नाही. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी आणि आकडा `03` असा लिहिला की नावानुसार लावल्यावर फाइली आपोआप क्रमाने लागतात.

कॉमेंटबद्दल माझं मत ठाम आहे. शब्द सुधारायचा असेल तर थेट सुधारा. आकडा चुकीचा वाटला तर मात्र त्याला हात न लावता कॉमेंट करा, कारण त्यामागचा हिशेब दुसऱ्याकडे असतो. कॉमेंट करण्याआधी तो आलेख किंवा ती चौकट निवडा, नाहीतर ती नुसती स्लाइडला चिकटते आणि वाचणाऱ्याला नेमकं काय ते शोधत बसावं लागतं. "हे बघा" एवढंच लिहू नका. "मार्चची बेरीज तक्त्याशी जुळत नाही, कोणती खरी?" असं विचारा. कॉमेंट मिटवायची ती प्रश्न विचारणाऱ्यानेच, उत्तर देणाऱ्याने नाही.

सगळे एकाच वेळी ऑनलाइन फाइलवर काम करू शकत असतील, तर प्रती पाठवूच नका. तिथे Version History मधून जुनी आवृत्ती उघडता येते, आणि ही जोडाजोड मुळातच करावी लागत नाही.